आहे, राहील, करतील: साठेखतातल्या क्रियापदांचे काळ

"सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजाविरहित राहील." महाराष्ट्रात फ्लॅट किंवा जमिनीचं साठेखत, म्हणजे पुढे विक्री करून देण्याचा करार, उघडलं की हे वाक्य किंवा त्याचं एखादं भावंड हमखास सापडतं. ऐकायला भक्कम वाटतं, म्हणून दोन्ही बाजू मान डोलावून पुढच्या पानावर जातात. पण त्यातल्या शेवटच्या शब्दावर जरा थांबा. विकणारा इथे नेमकं काय बोलतोय? आज या मिळकतीवर बोजा, म्हणजे गहाण किंवा तसला दुसरा भार, नाही, असं? खरेदीखत होईपर्यंत मी बोजा चढवणार नाही, असं? की पुढे कधी कुणी बोजा काढलाच तर मी तो निस्तरून देईन, असं? "राहील" या एका क्रियापदात तिन्ही अर्थ बसतात. सगळं सुरळीत पार पडलं तर त्यानं काही बिघडत नाही. वाद झाला, की घेणाऱ्याचा वकील एक अर्थ धरतो, देणाऱ्याचा दुसरा, आणि मजकूर दोघांनाही थोडा थोडा पाठिंबा देतो.

करारात माणसं एकमेकांना तीन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी सांगत असतात. पहिला प्रकार म्हणजे रिप्रेझेंटेशन. त्याला इथे कथन म्हणू. समोरच्यानं सही करावी म्हणून सांगितलेली ही वस्तुस्थिती असते: "हा फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे." दुसरा प्रकार वॉरंटीचा, म्हणजे हमीचा: सांगितलेलं खरं असल्याची जबाबदारी अंगावर घेणं, म्हणजे ते खोटं निघालं तर नुकसान भरून देणं. तिसरा प्रकार कव्हेनंटचा, म्हणजे वचनाचा: मी अमुक करीन किंवा अमुक करणार नाही. आपल्या दस्तांत पहिले दोन प्रकार बहुधा एकाच दमात येतात, "लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना असा भरवसा व खात्री दिली आहे की…" अशा सुरुवातीनं. लिहून देणार म्हणजे विकणारा, लिहून घेणार म्हणजे विकत घेणारा. तिसरा दस्तभर विखुरलेला असतो.

हे वर्गीकरण वकिलांच्या हौसेखातर नाही. कोणता प्रकार मोडला त्यावर मिळणारा उपाय ठरतो. खोट्या कथनामुळे संमती दिली गेली असेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १९ खाली करार रद्द ठरवून घेता येतो. कथन फसवण्यासाठी केलं असेल तर ते कलम १७ मध्ये जातं, खरं समजून पण आधाराशिवाय केलं असेल तर कलम १८ मध्ये. हमी खोटी निघाली तर मुख्य रस्ता कलम ७३ खालच्या नुकसानभरपाईचा, आणि वचन मोडलं तर तोच, किंवा ठरलेलं काम करूनच घेण्याचा. शिवाय आजकालच्या साठेखतांत प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र परिणाम लिहिलेले असतात: कथन खोटं ठरलं तर करार रद्द करून बयाणा परत, वचन मोडलं तर आधी नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत, वगैरे. त्यामुळे वाक्य कोणत्या प्रकारात बसतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आणि वाक्याचा प्रकार ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्याचा काळ.

कथन हे एका तारखेला काढलेल्या फोटोसारखं असतं. म्हणून त्याला वर्तमानकाळ लागतो (आहे, नाही), किंवा आजपर्यंत काय घडलं ते सांगणारा पूर्ण काळ (दिलेली नाही, भरलेला आहे). जुन्या दस्तलेखकांना हे पक्कं ठाऊक होतं. "सदर मिळकत यापूर्वी कोणासही गहाण, दान, बक्षीस, पोटगी वगैरे प्रकारे दिलेली नाही अगर जोखमीत गुंतविलेली नाही" हे वाक्य कितीही घासून गुळगुळीत झालेलं असलं, तरी त्याचा काळ अचूक आहे. "यापूर्वी" आणि "दिलेली नाही" यांनी मिळून भूतकाळापासून आजच्या सहीपर्यंतचा पट्टा झाकला आहे, त्याच्या पुढे एक दिवसही नाही. वचनाला भविष्यकाळ लागतो आणि त्याच्या जोडीला एक कर्ता लागतो: "लिहून देणार कर भरतील". हमी मधे बसते. ती बहुतेक वेळा वर्तमानातच असते. पण काही हम्या मुद्दाम पुढे ताणलेल्या असतात, आणि तशा असतील तर कुठपर्यंत ताणल्या आहेत ते लिहावंच लागतं.

कायदा स्वतः हे काळ किती काळजीनं वापरतो, ते पाहायचं तर १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १४ वाचावं. करारात काहीच लिहिलेलं नसलं, तरी विक्रेत्यानं काय मान्य केलं आहे असं समजायचं, ते तिथे सांगितलं आहे. प्रत्यक्ष विक्री होत असेल तर त्याला माल विकण्याचा हक्क आहे. विक्रीचा नुसता करार असेल, तर मालकी ज्या वेळी हस्तांतरित व्हायची त्या वेळी त्याला तसा हक्क असेल. आणि खरेदीदाराला मालाचा निर्वेध ताबा मिळेल व उपभोगता येईल. एकाच कलमात तीन काळबिंदू आहेत. दुसऱ्या बिंदूकडे विशेष लक्ष द्या. आज माझ्या हातात नसलेला माल मी पुढच्या महिन्यात तुम्हाला विकायचं कबूल करतो तेव्हा "हक्क आहे" म्हणणं खोटं ठरेल, आणि नुसतं "हक्क असेल" म्हणणं मोघम राहील. म्हणून कायद्यानं भविष्यकाळाला "मालकी हस्तांतरित व्हायच्या वेळी" या खुंटीला बांधलं आहे.

आता साठेखताकडे. तिथली मुख्य अडचण अशी की साठेखत आणि खरेदीखत यांच्यात अंतर असतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे साठेखतानं मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. ते पुढे खरेदीखत करून देण्याचा करार असतं. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर व्हायचं असतं, सोसायटीची ना-हरकत यायची असते, म्हणून मधे दोन-चार महिने जातात. फोटो साठेखताच्या दिवशीचा आणि मिळकत हातात येणार खरेदीखताच्या दिवशी.

एक काल्पनिक फ्लॅट घेऊ. किंमत ६२ लाख, बयाणा ६ लाख. साठेखत १० जूनला, खरेदीखत २५ सप्टेंबरपर्यंत करायचं ठरलं. साठेखतात दोन वाक्यं आहेत. एक: "सदर फ्लॅट निर्वेध व बोजाविरहित आहे." दुसरं, परिणामांच्या कलमात: "लिहून देणार यांचे कोणतेही कथन खोटे आढळल्यास लिहून घेणार यांना करार रद्द करून बयाणा रक्कम व त्यावर ३ लाख रुपये भरपाई मागता येईल." ऑगस्टमध्ये विकणाऱ्याला धंद्यात पैशांची निकड लागली. त्यानं फ्लॅटचे मूळ कागद बँकेत ठेवून २० लाखांचं कर्ज उचललं. सप्टेंबरमध्ये घेणाऱ्याच्या वकिलानं मिळकतीच्या नोंदींचा पुन्हा सर्च घेतला तेव्हा ते उघडकीस आलं.

घेणारा म्हणतो, कथन खोटं निघालं, बयाणा आणि वर ३ लाख द्या. विकणारा शांतपणे म्हणतो, मी १० जूनला "बोजाविरहित आहे" म्हणालो आणि १० जूनला तो बोजाविरहितच होता, खोटं कुठे बोललो? शब्दांपुरता तो बरोबर आहे. कथन जून महिन्याचं होतं आणि जूनमध्ये ते खरं होतं.

अशा वेळी घेणारा पूर्ण उघड्यावर पडतो असं मात्र नाही, आणि तसं घाबरवणारे सल्ले मला पटत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, मिळकत बोजासकट विकली जात नसली की विक्रीच्या वेळी असलेले बोजे फेडणं ही विकणाऱ्याची जबाबदारी असते. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १३ घेणाऱ्याला असा आग्रह धरू देतं की गहाणाची रक्कम किमतीपेक्षा जास्त नसेल तर विकणाऱ्यानं ते सोडवून घ्यावं. म्हणजे फ्लॅट हवाच असेल तर मार्ग आहे. पण घेणाऱ्याचा विश्वास उडाला असेल, त्याला व्यवहारातून बाहेर पडून ठरलेले ३ लाख हवे असतील, तर त्याचं दार "कथन खोटे आढळल्यास" या शब्दांनी उघडतं, आणि ती किल्ली इथे लागत नाही.

मग "आहे" ऐवजी "राहील" लिहिलं असतं तर? इथेच बहुतेक मसुदे घसरतात. "बोजाविरहित राहील" म्हटल्यावर ते कथन आहे की वचन, हाच वाद सुरू होतो. कथन म्हणावं तर त्यात आजच्या स्थितीबद्दल काहीच ठाम विधान नाही. समजा १० जूनच्या आधीच बोजा होता आणि विकणाऱ्यानं तो लपवला, तर तो म्हणेल, "मी आहे म्हणालोच नव्हतो. खरेदीखतापर्यंत मोकळा करून देणार होतो." वचन म्हणावं तर कुणी काय करायचं ते त्यात नाही, कारण वाक्याचा कर्ता मिळकत आहे, माणूस नाही. आणि मुदतही नाही. कधीपर्यंत राहील? खरेदीखतापर्यंत? की कायमचा? दहा वर्षांनी रस्तारुंदीत जागा गेली तरी?

काळ बदलून हे सुटत नाही. एका वाक्याची तीन वाक्यं करावी लागतात, प्रत्येक आपापल्या काळात:

"(अ) आज दि. १० जून रोजी सदर फ्लॅटवर गहाणाचा अगर अन्य कोणताही बोजा नाही व तो कोणत्याही जप्तीखाली नाही."

"(आ) आजपासून खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत लिहून देणार सदर फ्लॅट गहाण ठेवणार नाहीत, भाड्याने देणार नाहीत व त्यावर कोणताही बोजा निर्माण करणार नाहीत."

"(इ) कलम (अ) मधील कथन खरेदीखतासाठी ठरलेल्या तारखेस, त्या तारखेच्या स्थितीबाबत, पुन्हा केले आहे असे समजले जाईल."

वरच्या प्रकरणात ऑगस्टचं कर्ज सरळ (आ) मोडतं, आणि २५ सप्टेंबरला तो बोजा तसाच असेल तर (इ) मुळे कथनही खोटं ठरतं. आता घेणाऱ्याकडे दोन्ही किल्ल्या आहेत.

(आ) असताना (इ) कशाला, असा प्रश्न विकणाऱ्याकडून नेहमी येतो. तो रास्त आहे. उत्तर असं की वचन माणसाच्या कृतीला बांधतं आणि कथन वस्तुस्थितीला. समजा विकणाऱ्यानं काहीच केलं नाही, पण त्याच्या एका जुन्या सावकारानं जुलैमध्ये कोर्टातून फ्लॅटवर जप्ती आणली. "बोजा निर्माण करणार नाहीत" हे वचन मोडलं का? विकणाऱ्यानं स्वतः काहीच निर्माण केलेलं नाही, म्हणून निदान वाद तरी होईल. पण २५ सप्टेंबरला "जप्तीखाली नाही" हे कथन मात्र निर्विवाद खोटं असेल. त्याच कारणानं विकणाऱ्याच्या वकिलानं इथे सावध व्हायला हवं. पुन्हा केलेल्या कथनामुळे त्याचं अशील स्वतः न केलेल्या गोष्टीसाठीही अडकतं. मध्यममार्ग असा ठरवता येतो की (इ) खोटं ठरलं पण (आ) मोडलेलं नसेल, तर घेणाऱ्यानं बयाणा परत घेऊन बाजूला व्हावं, ३ लाख मागू नयेत. हा समतोल तीन वाक्यं वेगळी असल्यामुळेच साधता येतो. एका "राहील" मध्ये त्याला जागाच नव्हती.

काही जण (अ) आणि (इ) जोडून "बोजाविरहित आहे व खरेदीखताच्या तारखेसही असेल" असं लिहितात. चालतं, कारण दोन्ही तारखा दिसतात. तरी "असेल" हा अर्धा भाग भविष्याबद्दलचं विधान असल्यानं पुन्हा प्रकाराचा वाद उरतो. त्यापेक्षा "पुन्हा केले आहे असे समजले जाईल" ही थोडी अवघडलेली रचना मला बरी वाटते. तिच्यामुळे २५ सप्टेंबरलाही विधान वर्तमानकाळातच उभं राहतं. त्याहून उत्तम म्हणजे खरेदीखतातच नव्यानं "आज रोजी बोजा नाही" असं लिहून घेणं. ते होतंच, पण खरेदीखत झालंच नाही तर ते वाक्यही जन्माला येत नाही, म्हणून साठेखतात (इ) लागतं.

आता उलट बाजूची चूक. भरवशाच्या कलमात वचन घुसडणं: "लिहून देणार असा भरवसा देतात की ते सोसायटीची थकबाकी भरतील." सुरुवात कथनाची, शेवट वचनाचा. त्यांनी ती भरली नाही तर खोटं कथन झालं का? भरवसा दिला त्या दिवशी "भरतील" हे खरंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं. ते पुढे घडायचं होतं. पुढे काय करू हे सांगणं म्हणजे वस्तुस्थिती सांगणं नव्हे, म्हणून ते पाळलं नाही म्हणजे आपोआप खोटं कथन होत नाही. याला एक अपवाद आहे. वचन देतानाच ते पाळण्याचा इरादा नसेल, तर करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती फसवणूक आहे. इंग्लंडमध्ये १८८५ च्या एजिंग्टन विरुद्ध फिट्झमॉरिस या खटल्यात हाच विचार गाजला. कंपनीच्या संचालकांनी लोकांकडून कर्जाऊ पैसे घेताना ते धंदा वाढवायला वापरू असं सांगितलं, खरा हेतू मात्र थकलेली देणी भागवण्याचा होता. न्यायमूर्ती बोवेन यांनी म्हटलं की माणसाच्या मनाची अवस्था ही त्याच्या पचनशक्तीच्या अवस्थेइतकीच एक वस्तुस्थिती आहे. तत्त्व छानच आहे, पण साठेखतातल्या माणसाला ते फारसं उपयोगी पडत नाही. जूनमध्ये त्याच्या मनात भरायचं नव्हतंच, हे सिद्ध कसं करणार? त्यापेक्षा वाक्य भरवशाच्या कलमातून उचलून वचनांच्या कलमात ठेवावं आणि पुढे तारीख घालावी.

हीच थकबाकी घेऊन याहून वाईट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगतो. सोसायटीचे ८४,००० रुपये बाकी आहेत. दोघांनाही माहीत आहे. बयाण्यातून विकणारा ते भरणार असं तोंडी ठरलं आहे. आणि साठेखतात लिहिलं जातं: "सदर फ्लॅटची कोणतीही थकबाकी नाही." खरेदीखत होईपर्यंत नसेलच ना, मग आत्ताच लिहून टाकू, असा त्यामागचा विचार असतो. म्हणजे वचन कथनाच्या काळात लिहिलं गेलं. विकणाऱ्यानं पैसे भरले नाहीत, तर घेणारा "खोटं कथन" म्हणून फार पुढे जाऊ शकत नाही. करार कायद्याच्या कलम १९ च्या स्पष्टीकरणानुसार जे खोटं कथन संमतीचं कारणच नव्हतं, त्याच्या आधारे करार रद्द करता येत नाही, आणि इथे घेणाऱ्याला सत्य आधीपासून ठाऊक होतं. उलट विकणाऱ्यानंही लेखी असत्यावर सही केलेली असते, ती त्यालाही अडचणीची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर आणि भाडं विकणाऱ्याच्या माथी असतात, पण सोसायटीची देखभाल वर्गणी त्यात येते का, यावर भांडण्यापेक्षा सरळ लिहिलेलं बरं: "आज रोजी सदर फ्लॅटची सोसायटीकडील थकबाकी रु. ८४,००० आहे. लिहून देणार ती ३१ जुलैपर्यंत भरतील व सोसायटीचा ना-बाकी दाखला लिहून घेणार यांस देतील." पहिलं वाक्य कथन आणि खरं, दुसरं वचन आणि तारखेचं.

मराठी वाक्यरचनेत एक खास सापळाही आहे. क्रियापद शेवटी येतं, आणि दस्तातली वाक्यं "व", "तसेच", "अगर" यांनी लांबत जातात. मग असं काहीतरी तयार होतं: "सदर मिळकतीवर कोणताही बोजा, वाद, जप्ती तसेच भविष्यात कोणी वारस हक्क सांगत आल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी लिहून देणार यांची राहील." पुन्हा वाचा. यात "नाही" कुठेच नाही. "कोणताही बोजा" म्हटल्यावर वाचणारा मनातच "नाही" भरून घेतो, पण कागदावर फक्त जबाबदारी "राहील" आहे. बोजा नसल्याचं कथन वाक्याच्या मधेच बुडालं. दस्त तपासताना म्हणून मी एक साधं काम करतो: भरवशाच्या कलमातल्या प्रत्येक वाक्याचं नुसतं शेवटचं क्रियापद एका कागदावर एकाखाली एक उतरवतो. आहे, नाही, दिलेली नाही, आहे, राहील, भरतील, नाही. जे विजोड दिसतं ते वाक्य चुकीच्या जागी आहे किंवा अर्धवट आहे. वचनांच्या कलमातही तसंच: तिथे "आहे" दिसलं की थांबायचं.

वचनांच्या कलमात रूपांची सरमिसळ आणखी एका तऱ्हेनं होते. एका ओळीत "भरतील", पुढे "भरावेत", मग "भरावयाचे आहेत", मग "भरणे बंधनकारक राहील". लिहिणाऱ्यानं कंटाळवाणं होऊ नये म्हणून शब्द बदललेले असतात. वाद झाला की प्रतिपक्ष विचारतो, दुसऱ्या कलमात "बंधनकारक राहील" आणि इथे नुसतं "भरावेत", म्हणजे इथे बंधन नव्हतं ना, सूचनाच होती? कोर्ट हे मान्य करेलच असं नाही, पण हा मुद्दा जन्मालाच का घालावा? सगळ्या वचनांना साधं "करतील / करणार नाहीत" पुरेसं आहे, मुभा द्यायची असेल तिथे "करू शकतील", आणि अटीसाठी "केल्यास / न केल्यास". "लिहून देणार देणार नाहीत" असा अडखळणारा सांधा येतो तिथे पक्षकारांना सुरुवातीलाच विक्रेता आणि खरेदीदार अशी नावं देऊन टाकावीत.

काळाचा एक परिणाम लगेच दिसत नाही, तो मुदतीचा. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीतल्या ५५ व्या नोंदीप्रमाणे करारभंगाच्या भरपाईचा दावा करार मोडल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. मग करार मोडला कधी? "मी एकमेव मालक आहे" ही हमी खोटी असेल तर ती सहीच्या दिवशीच मोडलेली असते, जरी दुसरा वारस पाच वर्षांनी दार ठोठावत आला तरी. "कोणी हक्क सांगत आल्यास त्याचे निवारण विक्रेता स्वखर्चाने करून देतील व खरेदीदारास तोशीस लागू देणार नाहीत" हे वचन मात्र तोशीस लागते तेव्हा मोडतं, आणि घड्याळ तिथून सुरू होतं. फसवणूक असेल तर मुदत कायद्याच्याच कलम १७ खाली ती कळल्यापासून मुदत मोजता येते, पण ती सिद्ध करायची पाळी येते. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारविषयक कायद्यानं मालाच्या हमीबाबत हा भेद थेट लिहूनच ठेवला आहे: मुदत सहसा माल पोचवल्यापासून चार वर्षांची, पण हमी स्पष्टपणे पुढच्या कामगिरीबद्दल असेल तर दोष कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तेव्हापासून. "पंप दोषमुक्त आहे" आणि "पंप २४ महिने दोषमुक्त चालेल" यांच्यातला फरक तिथे वर्षांमध्ये मोजला जातो.

म्हणून खरेदीखतात मालकीचं कथन आणि तोशीस न लागू देण्याचं वचन ही दोन्ही हवीत, आणि दोन वेगळ्या वाक्यांत. नुसतं कथन असेल तर पाचव्या वर्षी ते शिळं झालेलं असतं. नुसतं वचन असेल तर सहीच्या दिवशी उघड खोटं बोलणारा माणूसही "अजून कुणी हक्क सांगितला नाही ना" म्हणून निवांत बसतो.

काळ बदलून सगळंच साधत नाही, हेही सांगायला हवं. मुद्रांक शुल्क वाचवायला काही जण साठेखतात ताबा "दिला आहे" ऐवजी "देतील" लिहून घेतात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात ती पळवाट बुजवलेली आहे: ताबा साठेखताआधी, साठेखताच्या वेळी किंवा नंतर दिला असेल अथवा द्यायचं कबूल केलं असेल, तरी ते साठेखत शुल्कापुरतं अभिहस्तांतरणच, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्तच, मानलं जातं.